नव्याण्णवचा आकडा आणि रोजचं गिऱ्हाईक

किंमत कशी लिहावी, कुठल्या किंमतीशेजारी ठेवावी आणि एकाच वस्तूचे किती दर्जे मांडावेत, याबद्दल दुकानदारांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. समोरचा माणूस एकदा येणार, एकदा निवड करणार आणि निघून जाणार. मोठ्या दालनांना हे गृहीत परवडतं, कारण तिथं आज गेलेल्याच्या जागी उद्या दुसरा येतो. लहान दुकानाचं तसं नसतं. तिथला गल्ला ठरावीक माणसांवर भरतो. तीच माणसं पुन्हापुन्हा येतात, किंमती लक्षात ठेवतात आणि एकमेकांना सांगतात. त्यामुळे या युक्त्या वापराव्यात की नाही, या प्रश्नात मला फारसा रस नाही. आकडा कुठंतरी लिहावाच लागतो आणि वस्तू कुठल्या तरी क्रमानं मांडावीच लागते. ज्याला आपण काहीच युक्ती करत नाही असं वाटतं, तोही नकळत काहीतरी सुचवतच असतो. रोजच्या गिऱ्हाइकाला युक्ती उलगडून सांगितली तरी जी टिकते ती कुठली आणि सांगितल्यावर जी लाजिरवाणी होते ती कुठली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हे नुसतं तत्त्व म्हणून पटणार नाही, म्हणून एकच वस्तू घेऊ: अंग पुसायचा टॉवेल. तो निवडायचं कारण असं की त्याचा दर्जा मोजता येतो. टॉवेलच्या कापडाचा जाडपणा एका चौरस मीटरला किती ग्रॅम, अशा हिशेबानं सांगतात. व्यापारात त्याला जीएसएम म्हणतात. ७० बाय १४० सेंटिमीटरचा टॉवेल जवळजवळ एक चौरस मीटर भरतो, नेमका ०.९८. म्हणजे ४०० जीएसएमचा टॉवेल साधारण ३९२ ग्रॅम, ५०० चा ४९० ग्रॅम आणि ६५० चा ६३७ ग्रॅम. हे साध्या वजनकाट्यावरही पडताळता येतं. पुढचे किंमतीचे आकडे कल्पित आहेत. ते कुठल्याही चलनात वाचावेत.

एका दुकानात दोन प्रकारचे टॉवेल आहेत. ४०० जीएसएमचा २०० ला विकतात, खरेदी १४०. ५०० जीएसएमचा ३०० ला, खरेदी २००. महिन्याला दोन्ही तीस-तीस जातात. पहिल्यावर नगामागे ६० सुटतात आणि दुसऱ्यावर १००, म्हणजे एकूण नफा ४८००. आता दुकानदार तिसरा आणतो: ६५० जीएसएमचा, खरेदी ३४०, विक्री ५००. पुढच्या महिन्यात, धरू या, साधा १८, मधला ३४ आणि भारी ८ जातात. नग साठच राहिले. नफा मात्र १०८०, ३४०० आणि १२८० मिळून ५७६० झाला, म्हणजे ९६० नी वाढला. भारी टॉवेल आठच गेले, पण त्याच्या नुसत्या असण्यानं मधला टॉवेल बेताचा वाटू लागला आणि साधा थोडा हलका.

हे चित्र मी मनानं रचलं असलं तरी त्यामागची माणसाची खोड चांगली तपासलेली आहे. इटामार सायमनसन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९९२ साली कॅमेऱ्यांवर केलेल्या प्रयोगात १६९.९९ आणि २३९.९९ डॉलरचे दोनच कॅमेरे समोर ठेवले, तेव्हा लोकांची निवड अर्धी-अर्धी विभागली गेली. त्याच दोघांबरोबर ४६९.९९ चा तिसरा ठेवल्यावर मधला घेणारे ५७ टक्के झाले आणि स्वस्तातला घेणारे २२ टक्क्यांवर आले. पहिल्या दोन कॅमेऱ्यांत काहीही बदललेलं नव्हतं. टोकाला जायचं नको, मधलं बरं, हा आपला स्वभाव आहे, आणि किंमतीची शिडी त्या स्वभावावर उभी असते.

मग यात फसवणूक आहे का? बारा माणसं खालच्या पायरीवरून वर गेली, त्यांनी प्रत्येकी निदान १०० जास्त मोजले. प्रामाणिकपणाचा हिशेब या बारांसाठी मांडायचा. उरलेल्यांना तिसऱ्या टॉवेलानं काही केलेलं नाही.

पहिली तपासणी वजनाची. शंभर ग्रॅममागे साधा टॉवेल ५१ ला पडतो, मधला ६१ ला आणि भारी ७८ ला. म्हणजे वर चढणारा जास्त कापूस घेतोच, शिवाय प्रत्येक ग्रॅमला जास्त मोजतो. हा चढ कशामुळे, हे दुकानदाराला सांगता आलं पाहिजे. सांगण्यासारखं कारण असू शकतं: मधल्या टॉवेलाचं सूत विंचरलेलं आहे, म्हणजे त्यातले आखूड तंतू आधीच काढून टाकलेले आहेत, त्यामुळे तो कमी गळतो, भारी टॉवेलाचा धागा लांब तंतूंचा आहे. सूत तेच असेल आणि नुसता जाडपणा वाढला असेल, तर वजनाच्या हिशेबानं मधल्याची किंमत २५० च्या आसपास यायला हवी. वरचे ५० मग कशाचे?

दुसरी तपासणी स्वतःच्या वहीत करायची असते आणि मला ती जास्त भरवशाची वाटते. विक्रीच्या किती टक्के नफा प्रत्येक पायरीवर राहतो? इथं साध्यावर ३० टक्के, मधल्यावर ३३, भारीवर ३२. जवळपास सारखे. म्हणजे वर चढणारा जे जास्त देतो त्याचा मोठा भाग खरोखर चांगल्या मालाकडे जातो आणि दुकानदार आपला नेहमीचा वाटा घेतो. आता कल्पना करा की मधल्याची खरेदी १५० आहे आणि विक्री ३०० च आहे. टक्केवारी एकदम ५० वर जाते. शिडी बाहेरून तशीच दिसते, लेबलं तीच, विक्रीही तितकीच. पण मधली पायरी आता गिऱ्हाइकासाठी उरलेली नाही. मधलं बरं या सवयीवर ती कर वसूल करते आहे. गिऱ्हाइकाला ही वही दिसत नाही. म्हणून तर दुकानदारानं ती स्वतःला दाखवायची.

नफ्याची टक्केवारी सगळीकडे सारखीच हवी असा हट्ट मी धरणार नाही. जो माल हळू खपतो त्यात पैसा अडकतो. भारी टॉवेलाचे बारा नग ठेवले तर ४०८० अडकून पडतात, आणि त्याबद्दल चार टक्के जास्त घेणं रास्त आहे. पण सर्वांत जास्त खपणाऱ्या मधल्या पायरीवरच टक्केवारी उडी मारत असेल, तर अडकलेल्या पैशाचं कारण तिथं चालत नाही.

शिडीतली खरी लबाडी बहुतेक वेळा चौथ्या वस्तूच्या रूपानं येते. जोएल ह्यूबर, जॉन पेन आणि ख्रिस्तोफर पूटो यांनी १९८२ साली दाखवून दिलं की दोन पर्यायांपैकी एकाशेजारी त्याच्याहून सरळसरळ वाईट असा तिसरा ठेवला, तर लोक त्या चांगल्याकडे जास्त वळतात. हे वाचून कुणीतरी आमिषाची पायरी सुचवतो: ४१० जीएसएमचा टॉवेल २९० ला ठेवा, म्हणजे शेजारचा ५०० जीएसएमचा ३०० ला फुकट मिळाल्यासारखा वाटेल. प्रश्नावलीत हे निरुपद्रवी असतं, कारण तिथं खरी खरेदी होत नाही. दुकानात तो टॉवेल फळीवर असतो आणि फळीवर असलेली वस्तू कुणीतरी घेतंच. घेणारं बहुधा कोण असतं? घाईत आलेला, चष्मा विसरलेला, जीएसएम म्हणजे काय हे न विचारणारा, आणि तुमच्यावर विश्वास ठेवून हाताला लागेल ते उचलणारा. तुमच्या सर्वांत भाबड्या गिऱ्हाइकाला सर्वांत वाईट सौदा मिळावा, अशीच ती रचना असते. म्हणून माझी कसोटी साधी आहे. फळीवरची प्रत्येक वस्तू कुणीतरी घेतली तर आपल्याला समाधान वाटेल का? जी विकली जाऊ नये अशी आपलीच इच्छा आहे, ती मांडूच नये.

याच कसोटीची दुसरी बाजू खालच्या पायरीची आहे. साधा टॉवेल गुडघ्याखालच्या कप्प्यात, रंग एकच आणि तोही विटका, लेबल बारीक, आणि विचारलं तर तो नेमका संपलेला. मग शिडी तीन पायऱ्यांची राहत नाही, दोनच पायऱ्यांची राहते आणि तिसरी नुसती रंगवलेली. पायरी खरी ठेवायची तर तिन्ही लेबलं एकाच आकाराची, तिन्हींवर वजन लिहिलेलं आणि साधा माल संपला तर तितक्याच तत्परतेनं परत मागवलेला असायला हवा. शिवाय एक गोष्ट सांगायला दुकानदार कचरतात. भारी टॉवेल सगळ्यांना चांगला नसतो. तो जास्त पाणी शोषतो आणि वाळायला वेळ घेतो. ज्याच्या घरी ऊन येत नाही, दोरी आखूड आहे किंवा धुणं हातानं पिळायचं आहे, त्याला ४०० चा टॉवेलच जास्त उपयोगी. हे वाक्य गल्ल्यावरच्या पोऱ्याच्या तोंडी असेल, तर शिडी गिऱ्हाइकाला मदत करते. तो फक्त ‘हा वरचा घ्या, भारी आहे’ एवढंच म्हणत असेल, तर ती त्याला ढकलते.

आता आकड्याच्या शेपटीकडे येऊ. ३०० ऐवजी २९९. यावर हसणारे खूप आहेत आणि ‘मला नाही फरक पडत’ म्हणणारे त्याहून जास्त. फरक पडतो. मनोज थॉमस आणि विकी मॉर्विट्झ यांनी २००५ साली मांडलं की परिणाम शेवटच्या नवाचा नसतो, तो डावीकडच्या पहिल्या आकड्याचा असतो. आपण संख्या डावीकडून वाचतो आणि पहिल्या आकड्यावर मनातला अंदाज बसतो. त्यामुळे ३०० चे २९९ केले की तीनाचा दोन होतो आणि किंमत एकापेक्षा बरीच जास्त उतरल्यासारखी वाटते. ३६० चे ३५९ केले तर पहिला आकडा तसाच राहतो आणि फारसं काही होत नाही. म्हणजे सरसकट प्रत्येक लेबलावर नऊ चिकटवणारा दुकानदार बहुतेक ठिकाणी काही न मिळवता नुसती सुट्ट्यांची कटकट वाढवून घेतो.

लहान दुकानाला याहून उपयोगाची गोष्ट दुसऱ्या एका प्रयोगात आहे. एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कपड्यांच्या कॅटलॉगांत त्याच वस्तू वेगवेगळ्या किंमतींना छापून पाहिल्या. नवानं संपणाऱ्या किंमतींना मागणी वाढली, एवढं अपेक्षित होतं. पण ही वाढ नव्या वस्तूंवर जास्त होती आणि आधीच्या वर्षांत विकून झालेल्या वस्तूंवर कमी. शिवाय शेजारी ‘सेल’ असं लिहिलं की नवाचा जोर ओसरत होता. मला याचा अर्थ असा दिसतो: किंमत रास्त आहे की नाही हे ज्याला ठाऊक नसतं, तो आकड्याच्या रूपावरून अंदाज बांधतो. ज्याला ठाऊक असतं, त्याला रूपाची गरज कमी लागते. रोजचं गिऱ्हाईक नेहमीच्या वस्तूच्या बाबतीत या दुसऱ्या गटात असतं.

मग माझ्या मते निष्कर्ष सरळ आहे. जे गिऱ्हाईक महिन्यातून चारदा नेतं, त्या वस्तूला पूर्ण आकडा लावावा. तिथं नव्याण्णवचा फायदा थोडा आणि लक्षात ठेवायची सोय गेलेली. वर्षातून एकदा घ्यायच्या, नव्यानं आलेल्या वस्तूवर २९९ लिहायला हरकत नाही, पण दोन अटींवर.

पहिली अट, २९९ म्हणजे २९९. ‘सुट्टे नाहीत’ म्हणून तीनशे ठेवून घेतले, तर ती युक्ती राहत नाही; लेबलावर एक किंमत आणि गल्ल्यात दुसरी, हा उघड गुन्हा होतो. आमच्या टॉवेलांच्या दुकानात तिन्ही पायऱ्यांवर एक-एक कमी केला तर महिन्याला ६० नगांचे ६० च जातात. ज्याला सुट्टे ठेवायचा कंटाळा आहे त्यानं पूर्ण आकडा लावावा.

दुसरी अट याहून सूक्ष्म आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एका शिडीत सगळ्या किंमतींची शेपटी सारखी हवी. साधा २०० ला आणि मधला २९९ ला लावून पाहा. दोन्ही आकडे दोनानं सुरू होतात. अंतर ९९ चं आहे, पण डोळ्याला दोन्ही ‘दोनशेतले’ वाटतात आणि वरची पायरी शेजारी येऊन बसते. उलट साधा १९९ आणि मधला ३०० लावला तर एकापासून तीनापर्यंतची उडी दिसते. एकच शिडी, पण अंतर हवं तसं ताणता किंवा आखडता येतं. पायऱ्यांमधलं अंतर हीच गिऱ्हाइकाला तुलनेसाठी लागणारी माहिती असते. ती वाकवली की वजन आणि सूत कितीही खरं लिहिलं तरी उपयोग नाही. १९९, २९९, ४९९ लावा किंवा २००, ३००, ५०० लावा, दोन्हींत अंतर १०० आणि २०० चंच दिसतं. मिसळ करू नका.

नवाच्या शेपटीचा आणखी एक तोटा हळूहळू उघड होतो. खरेदी वाढते तेव्हा २९९ चे ३०८ करायला जीव धजत नाही, कारण आकडा बेंगरूळ दिसतो. मग दुकानदार थांबतो, तोटा सोसतो आणि एक दिवस ३४९ करतो. नेहमीच्या माणसाला ती उडी खुपते. किंवा याहून वाईट होतं: किंमत तीच राहते आणि माल हलका होतो. पुरवठादार म्हणतो, ‘त्याच भावात देतो, थोडा पातळ येईल.’ ४९० ग्रॅमचा टॉवेल ४५० ग्रॅमचा येतो. हाताला कळत नाही, लेबल बदललेलं नाही, पण कापड आता ४६० जीएसएमचंसुद्धा नाही. लबाडी इथं दुकानदाराच्या नकळतही आत येते. म्हणून नवा गठ्ठा आला की त्यातले दोन-तीन टॉवेल काट्यावर ठेवावेत. दमट हवेत सुती कापड पाणी धरतं, तेव्हा पाच-दहा ग्रॅमचा फरक सोडून द्यावा. चाळीस ग्रॅमचा सोडू नये. माल हलका आला असेल तर लेबलावरचं वजन त्याच दिवशी बदलावं. किंमत वाढवण्यापेक्षा गिऱ्हाइकाला हे जास्त चालतं का? नेहमी नाही. पण दोन्हींपैकी काय झालं आहे हे कळायचा त्याला हक्क आहे.

उरली खोडलेली किंमत. वर ४०० वर काट, खाली २९९. पहिला आकडा डोळ्यांत शिरला की पुढचा अंदाज त्याच्याभोवती घुटमळतो, हे ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली एका गमतीच्या प्रयोगातून दाखवलं. त्यांनी आकड्यांचं चक्र फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं होतं. मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के आहे, असं विचारलं. ज्यांच्यासमोर १० आले त्यांचा मधला अंदाज २५ होता आणि ज्यांच्यासमोर ६५ आले त्यांचा ४५. चक्राचा उत्तराशी काडीचा संबंध नव्हता.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: आमचं गिऱ्हाईक जाणतं आहे, खोडलेल्या किंमतीला कोण भुलतो? आक्षेपाला उत्तर ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ मध्ये दिलेलं आहे. त्यांनी घरांच्या खरेदी-विक्रीतल्या व्यावसायिक दलालांना एक खरं घर दाखवलं आणि माहितीपत्रकातली मागणीची किंमत मात्र वेगवेगळी छापली. दलालांचे अंदाजही त्या छापील आकड्याकडे झुकले. ‘किंमत ठरवताना काय विचारात घेतलं’ असं विचारल्यावर बहुतेकांनी मागणीच्या किंमतीचं नावही काढलं नाही. जाणकाराला आकडा लागत नाही असं नाही; लागल्याचं त्याला कळत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या शहाणपणावर बोट ठेवून खोटी किंमत खोडणाऱ्याला सुटता येत नाही. रोजच्या गिऱ्हाइकापाशी मात्र एक जादा हत्यार असतं: त्याला मागच्या महिन्याची किंमत आठवते. ज्या दिवशी ४०० वर काट मारलेली दिसते आणि त्याला आठवतं की आपण हा नेहमी ३०० लाच नेला, त्या दिवसापासून तो तुमच्या बाकीच्या लेबलांकडेही संशयानं पाहतो.

खरी खोडलेली किंमत कशी असते, याचं युरोपीय संघानं दिलेलं माप मला लहान दुकानालाही वापरण्यासारखं वाटतं, मग दुकान असेल तिथला कायदा काहीही असो. २८ मे २०२२ पासून तिथं सूट जाहीर करताना आधीची किंमत म्हणून त्याआधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. तरीही पळवाट शोधली गेलीच. जर्मनीतल्या एका सुपरमार्केट साखळीनं अननस १.४९ युरोला देताना शेवटची किंमत १.६९ दाखवून भाव उतरल्याचं भासवलं. बारीक अक्षरांत ३० दिवसांतली किमान किंमतही दिलेली होती, आणि ती होती १.३९. म्हणजे ‘सूट’ दिलेला अननस महिन्याभरातल्या सर्वांत कमी किंमतीपेक्षा महाग होता. २६ सप्टेंबर २०२४ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की ती किमान किंमत कोपऱ्यात लिहून भागत नाही. सवलतीची टक्केवारी तिच्यावरूनच काढली पाहिजे. या प्रकरणातली कुठलीच संख्या खोटी नव्हती, हे विसरू नये. खऱ्या आकड्यांनी खोटं चित्र काढता येतं.

लहान दुकानात हे पाळायला एक वही पुरते. तारीख, वस्तू, किंमत, आणि किंमत बदलली की नवी ओळ. सूट लावायच्या आधी मागचं पान उलटायचं. ४०० ही किंमत तीस दिवसांत कधीच नव्हती, तर ती खोडायलाही लिहायची नाही. काही जण विचारतील, मग तुलनेसाठी मोठा आकडा आणायचा कुठून? तो आधीच फळीवर आहे. ५०० चा टॉवेल तिथं खरोखर आहे, हात लावून पाहता येतो, आठ जण महिन्याला तो घेतात. शेजारच्या टॉवेलाला बेताचा ठरवायला याहून सच्चा आकडा नाही. भारी टॉवेल आधी दिसेल असा मांडण्यातही मला गैर वाटत नाही, जोवर साधा टॉवेल त्याच नजरेच्या टप्प्यात आहे. क्रम हा दुकानदाराचा हक्क आहे, लपवणं नाही.

या सगळ्यावर एक जड आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. सरळ भावानं धंदा बसतो. उदाहरण म्हणून जेसी पेनी या अमेरिकी साखळीचं नाव घेतात. २०१२ साली तिनं कूपनं आणि नेहमीचे सेल बंद करून एकच सरळ किंमत लावली. त्या वर्षी तिची विक्री सुमारे एक चतुर्थांशानं घसरली आणि पुढच्याच वर्षी सेल परत आले. दाखला खरा आहे, पण त्यातून प्रामाणिकपणा महाग पडतो असं निघत नाही. त्या दुकानांनी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला खोडलेल्या किंमतीवरून सौदा ओळखायची सवय लावली होती. मग एका रात्रीत ती खूण काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी दिली नाही. किंमत चांगली आहे हे कळायला माणसाला काहीतरी शेजारी लागतंच. मी खोट्या तुलनेच्या विरोधात आहे, तुलनेच्या नाही. वजन लिहिलेलं लेबल, वरची खरी पायरी आणि ‘हा लवकर वाळतो’ असं सांगणारा माणूस, हे तुलनेचंच साहित्य आहे.

तरीही नुकसान होतं हे कबूल केलं पाहिजे. समोरच्या दुकानात कायम ‘अर्ध्या किंमतीत’ची पाटी असेल, तर वाटेवरून जाणारा अनोळखी माणूस तिकडेच वळेल आणि तुमचं वजनाचं लेबल त्याला थांबवू शकणार नाही. ज्या दुकानाचा बहुतेक गल्ला अशा वाटसरूंवर चालतो, त्याला माझा सल्ला महाग पडेल. म्हणून आधी आपला गल्ला कुणावर चालतो हे पाहावं. महिनाभर बिलावर ओळखीचं गिऱ्हाईक आणि नवं, एवढी एक खूण करत गेलं तरी चित्र स्पष्ट होतं.

शिडी बिघडू लागली की काही खुणा लवकर दिसतात, त्या विक्रीच्या आकड्यांत नसतात. मधला टॉवेल नेलेली माणसं पुढच्या खेपेला मुकाट्यानं साध्यावर उतरत असतील, तर पहिल्यांदा चढले ते पटून चढले नव्हते. ‘दोन्हींत फरक काय?’ या प्रश्नाला पोऱ्या एका वाक्यात उत्तर देऊ शकत नसेल, तर फरक नाही किंवा तो कुणी त्याला सांगितलेला नाही. लेबल वाचून झाल्यावरही ‘पण द्यायचे किती?’ असं विचारणारे वाढले, तर लेबलावर आकडे जास्त झाले आहेत. यातल्या पहिल्या खुणेला मी सर्वांत जास्त मान देतो. टॉवेल वर्ष-दोन वर्षांनी घेतला जातो, त्यामुळे ती उशिरा दिसते. तोवर मधल्या पायरीचा वाढलेला नफा यश म्हणून वहीत मांडला गेलेला असतो. नव्या शिडीच्या पहिल्या महिन्यातल्या त्या ९६० वर लगेच आणखी महाग चौथी पायरी बांधू नये, ते एवढ्यासाठीच.